साहेबांनी ‘ब्रिंग’ लिहिलं

लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना जुन्या हमरस्त्याच्या कडेला आमचा व्हॉल्व्हचा कारखाना होता. लग्न होऊन लोणावळ्यात आले आणि वर्षभरात तिथे टायपिस्ट म्हणून लागले. पुढे टाइपरायटर गेला, संगणक आला, माझ्या टेबलावरच्या पाटीवर ‘ऑफिस सेक्रेटरी’ असं लिहिलं गेलं, पण काम तेच राहिलं. साहेबांचं इंग्रजी नीट करायचं, आलेल्या पाहुण्यांची सोय बघायची आणि कागद जिथल्या तिथे पोचवायचे.

साहेब म्हणजे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. मूळचे तळेगावचे. शाळा मराठी, डिप्लोमा पुण्यात केलेला. मशीनवर हात ठेवून आतलं बेअरिंग गेलंय की नाही हे ते सांगायचे, पण इंग्रजी मेल लिहायला बसले की कपाळाला घाम यायचा. मालक पुण्यातले होते तोवर हे निभावून गेलं. मग कारखाना एका परदेशी कंपनीने घेतला आणि फर्मान निघालं की यापुढे सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत आणि मेलवर. अगदी माझी आणि साहेबांची टेबलं एका काचेच्या पडद्याच्या अल्याड-पल्याड असली तरी.

साहेब मजकूर लिहायचे, मी तपासायची. त्यांची एक चूक ठरलेली. मराठीत आपण ‘घेऊन या’ म्हणतो. साहेब त्याचं जसंच्या तसं इंग्रजी करायचे, ‘टेक अँड कम’. परदेशातून कुणी कारखाना बघायला येणार असला की लिहायचे, तुमचे सेफ्टी शूज टेक करा आणि कम. वाचणारा समजून घ्यायचा, बूट घालून यायचा. त्यामुळे साहेबांना वाटायचं, चाललंय की.

एकदा मात्र चाललं नाही. काही व्हॉल्व्हची मूळ टेस्ट सर्टिफिकेटं सही-शिक्क्यासाठी हेड ऑफिसला गेली होती आणि तिथला एक अधिकारी आमच्याकडे येणार होता. मी रजेवर होते. साहेबांनी स्वतःच मेल पाठवला, ‘प्लीज टेक द सर्टिफिकेट्स व्हेन यू कम.’ त्यांना म्हणायचं होतं, येताना घेऊन या. त्या गृहस्थाने वाचलं, आलात की इथून घेऊन जा. तो रिकाम्या हाताने आला आणि पहिल्याच दिवशी विचारू लागला, मी न्यायची ती सर्टिफिकेटं कुठे आहेत? ती त्याच्याच कपाटात, सात समुद्रांपलीकडे होती. गिऱ्हाइकाचा तपासनीस गेटवर येऊन परत गेला. साहेबांना हेड ऑफिसची बोलणी खावी लागली.

मी रजेवरून आल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं. “मॅडम, हे एकदा डोक्यात घाला माझ्या. मी आता पोरगा नाही, पण घाला.”

मी म्हटलं, “सर, वस्तू नेणाऱ्याला सोडून लिहिणारा किंवा वाचणारा जिथे आहे, किंवा त्या दिवशी असणार आहे, तिकडे वस्तू यायची असेल तर ‘ब्रिंग’. आपण दोघंही नाही अशा तिसरीकडे जायची असेल तर ‘टेक’. माणसाचंही तेच. तिकडे ‘कम’, नाहीतर ‘गो’.”

“म्हणजे तो अधिकारी आपल्याकडे येणार, आपण इथे. म्हणून ब्रिंग.”

“हो. आणि त्याने इथून काही मुंबईच्या ऑफिसला पोचवायचं असेल, तिथे आपण कुणीच नसू, तर टेक.”

साहेबांनी ते असं काही पकडलं की पुढे ते इतरांच्या चुका काढू लागले. स्टोअरच्या माणसाने हेड ऑफिसला लिहिलं होतं की मी उद्या मुंबईला ‘कम’ होतो. साहेब त्याला म्हणाले, “तू इथे, वाचणारा परदेशात, मुंबईत तुझी वाट कोण बघतंय? गो लिही.” मला त्यांचा अभिमान वाटला होता. मोठ्या वयात माणूस काही शिकला की त्याच्या चेहऱ्यावर एक उजेड येतो. तो मी पाहिला होता.

त्याच सुमारास कंपनीने दक्षिणेत एक नवा कारखाना उभा केला. आमचा जोडकारखाना, असं आम्हाला सांगण्यात आलं. दिवाळीनंतर हेड ऑफिसचा मेल आला की नव्या कारखान्यातले दोन इंजिनीअर आमच्याकडे काम शिकायला येतील. त्यांची व्यवस्था माझ्याकडे आली. मी त्यांना लिहिलं, लोणावळ्यात थंडी पडते, स्वेटर ब्रिंग करा. स्टेशनवर गाडी पाठवली, बाजाराजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली, मिरच्या कमी घालायला खानावळीत सांगून आले.

त्यांना शिकवायचं काम भाऊंकडे होतं. भाऊ लॅपिंगचे फोरमन. व्हॉल्व्हचं झाकण आणि त्याची बैठक यांच्यामध्ये पेस्ट लावून ती हाताने घासत घासत अशी बसवायची की पाण्याचा पूर्ण दाब दिला तरी थेंब गळता कामा नये, हे लॅपिंग. भाऊ जवळच्या औंढे गावचे. सकाळी शेतात पाणी धरून सायकलवरून कामावर यायचे. त्यांचा थोरला मुलगाही आमच्याच कारखान्यात चिकटला होता आणि धाकट्याला चिकटवायचं त्यांच्या मनात होतं.

पाहुणी पोरं चांगली होती. तोडक्यामोडक्या हिंदीत भाऊंना गुरुजी म्हणायची. भाऊ त्यांचे हात धरून घासायला शिकवायचे. एका रविवारी त्यांना औंढ्याला घरी नेऊन जेवू घातलं. सोमवारी कँटीनमध्ये मला सांगत होते, “पोरांनी इंद्रायणीचा भात लय खाल्ला, बाई. त्यातलं एक तर म्हनलं, आईला सांगतो गुरुजीच्या घरी जेवलो म्हून.”

त्या हिवाळ्यात एके दिवशी दुपारी मला साहेबांचा मेल आला. काचेपलीकडून मला ते लिहिताना दिसले होते. मेल फक्त मला होता, कुणाला प्रत नव्हती. घाईने लिहिलेला वाटत होता. सगळी मूळ ड्रॉइंग नीट लावून ठेवा, आणि फेब्रुवारीत नव्या कारखान्यात याल तेव्हा ती आणा. मी कपाट तयार ठेवतो. त्याच आठवड्यात तुम्हाला परत जाता येईल.

इंग्रजीत होतं ते. ‘ब्रिंग’ होतं, ‘व्हेन यू कम’ होतं आणि शेवटी ‘यू कॅन गो बॅक’ होतं.

मी ते वाचलं आणि काचेतून साहेबांकडे पाहिलं. ते फोनवर बोलत होते. मी पुन्हा वाचलं. मला नुसतं पाठवायचं असतं तर साहेबांनी ‘टेक’ लिहिलं असतं आणि ‘गो’. ते स्वतः दोन दिवस तिकडे जाणार असते, तर ‘ब्रिंग’ चाललं असतं. पण मग परत येण्याला त्यांनी ‘कम बॅक’ म्हटलं असतं, कारण त्यांनाही इथेच यायचं असतं. त्यांनी ‘गो बॅक’ लिहिलं होतं. लिहिताना ते मनाने लोणावळ्यात नव्हतेच. ते तिकडे राहणार होते, ड्रॉइंग तिकडे राहणार होती आणि मी परत जाणार होते. मूळ ड्रॉइंग गेली की कारखान्यात उरतं काय?

पाणी प्यायले आणि केबिनमध्ये गेले.

“सर, फेब्रुवारीत तुम्ही नव्या कारखान्यात असणार आहात का?”

“का हो?”

“मेलमध्ये ब्रिंग लिहिलंय. आणि परत जायला गो बॅक.”

साहेबांनी संगणकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, एवढा वेळ त्या चार ओळी वाचायला लागत नाही. मग हसले. “मॅडम, माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. चुकलं. टेक वाचा.”

“आता तुमचं चुकत नाही, सर.”

“चुकलं म्हटलं ना.” आवाज चढला आणि लगेच उतरला. “ड्रॉइंगच्या प्रती काढून घ्यायच्यात त्यांना. तुम्ही न्यायची, प्रती झाल्या की परत आणायची. एवढंच आहे.”

मी टेबलाशी येऊन बसते तोच दुसरा मेल आला. तोच मजकूर, दुरुस्त केलेला. या वेळी ‘टेक’ होतं, ‘गो’ होतं, ‘कम बॅक’ होतं, आणि प्रती काढून ड्रॉइंग परत आणावीत असं एक वाक्य जास्त होतं. या मेलची प्रत मात्र त्यांनी हेड ऑफिसलाही पाठवली होती. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती.

खरं सांगायचं तर चार-सहा दिवस मी त्या दुसऱ्या मेलच्या आधारावर काढले. घरी नवऱ्याला सांगितलं. तो रेल्वेत होता, सरळ बोलणारा. म्हणाला, “अगं, माणूस घाईत काहीही लिहितो. तू शब्द धरून बसतेस.” मीही मनाला तेच सांगत होते. पण स्वयंपाक करताना, बसमध्ये, झोपायला पाठ टेकली की ते ‘गो बॅक’ डोळ्यांपुढे यायचं. चूक अजाणता होते हे मला कळतं. पण जो माणूस तीच गोष्ट इतरांना शिकवतो, तो तीन ठिकाणी एकाच दिशेने कसा चुकेल?

भाऊंना सांगावं असं ठरवलं. दुपारच्या सुट्टीत ते शेडच्या मागे उन्हात बसायचे, तिथे गेले.

“भाऊ, मला वाटतं कारखाना हलवणार आहेत. नव्या ठिकाणी.”

भाऊंनी भाकरीचा घास तसाच हातात धरला. “कोन म्हनलं?”

“कुणी म्हणालं नाही. साहेबांच्या मेलमध्ये एक शब्द होता.” आणि मी त्यांना समजावू लागले. इकडे येणं, तिकडे जाणं, आणणं, नेणं. बोलता बोलता मलाच ते पोरकट वाटायला लागलं. साहेब तिकडे असल्यासारखं लिहितात, असं मी म्हटलं.

भाऊ ऐकत राहिले. मग म्हणाले, “एका शब्दावरनं कारखाना बंद पडतो व्हय, बाई?”

“शब्दावरून पडत नाही. पण शब्दावरून कळतं.”

“साहेब आमच्यातलं हायत. माज्या पोराला त्येंनीच लावलं. असं कायबी करायचं न्हाईत त्ये.” त्यांनी घास तोंडात घातला. “आन ती पोरं शिकून आपल्या गावाला जात्याल. त्येंच्याकडं बी काम वाढलं म्हून तर आलीत. तुमी लय इचार करता.”

त्यांना राग आला नाही. त्यांनी मला समजावलं, आणि सुट्टी संपल्यावर उठून पुन्हा त्या पोरांचे हात धरायला गेले.

जानेवारीत त्या दोघांतला एक काही दिवसांसाठी आपल्या गावी गेला. तिथून त्याने मला मेल पाठवला. राहण्याच्या सोयीबद्दल आभार मानले होते, गुरुजींना नमस्कार सांगितला होता, आणि शेवटी विचारलं होतं, ड्रॉइंगबरोबर तुम्ही पाण्याच्या चाचणीच्या टेबलाचं मॅन्युअलही आणणार आहात ना? ‘विल यू बी ब्रिंगिंग द मॅन्युअल टू?’

त्याचं ‘ब्रिंग’ बरोबरच होतं, तो तिथे होता. पण चाचणीचं ते टेबल आमच्याकडे एकच होतं, जुन्या मालकांनी पुण्यात बनवून घेतलेलं. त्याचं मॅन्युअल त्याला कशाला हवं होतं? ज्याच्याकडे टेबल येणार आहे त्यालाच त्याचं पुस्तक लागतं.

आता मात्र मी गप्प बसले नाही. साहेबांचा पहिला मेल आणि त्या मुलाचा मेल, दोन्ही कागदावर काढले आणि युनियनच्या सेक्रेटरीकडे गेले. तो लेथवरचा टर्नर होता, भाजे गावचा, दहावी झालेला, तापट पण सरळ. त्याने कागद घडी करून खिशात घातले आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्येच साहेबांना बोलावलं. सगळे जमले होते. भाऊ पुढे बसले होते. मी दाराशी उभी होते.

सेक्रेटरीने मुलाचा मेल वाचला आणि विचारलं, “साहेब, आपल्या टेबलाचं पुस्तक त्यांना कशाला पाहिजे?”

“तसंच टेबल त्यांना बनवायचंय,” साहेब म्हणाले. “बघून बनवतील.”

“आणि हा तुमचा मेल. मॅडम म्हणतात यात ब्रिंग आहे. म्हणजे तुम्ही तिकडे जाऊन राहणार.”

लोकांत कुजबुज झाली. साहेब उभे होते, हातात एक कागद होता. ते कागद घेऊन आले होते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते शांतपणे म्हणाले, “तो मेल चुकला होता. माझं इंग्रजी कसं आहे ते तुम्ही सगळे जाणता.” दोघं-तिघं हसले. “मॅडमनीच मला चूक दाखवली. मी त्याच दिवशी दुरुस्त करून पाठवला. हा बघा. यात लिहिलंय, ड्रॉइंग न्यायची आणि प्रती काढून परत आणायची. हेड ऑफिसला प्रत गेलीय याची. मी खोटं लिहीन का हेड ऑफिसला?” मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही चूक दाखवली आणि मी दुरुस्त केली. खरं की नाही?”

सगळी तोंडं दाराकडे वळली.

मी दाखवलं होतं, आणि त्यांनी दुरुस्त केलं होतं. मी म्हटलं, “हो, केली. पण पहिल्यांदा जे लिहिलं—”

“पहिल्यांदा चुकलं होतं,” साहेब म्हणाले. “म्हणूनच तर दुरुस्त केलं.”

कुणीतरी बाकावरून उठलं. मग आणखी काही जण उठले. सुट्टी संपत आली होती. सेक्रेटरी माझ्याजवळून जाताना पुटपुटला, “मॅडम, एवढ्यावरून माणसं गोळा करायला लावली तुम्ही.” भाऊ माझ्याकडे न बघता गेले. मला लाज वाटली आणि त्या सगळ्यांना सुटल्यासारखं. साहेबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. माझी नजर त्यांच्या हातातल्या कागदावर होती. ‘टेक’, ‘गो’, ‘कम बॅक’. मी शिकवलेलं एकूण एक बरोबर होतं.

त्यानंतर कारखान्यात माझ्याशी लोक जपून बोलू लागले. मी चहाला गेले की विषय बदलायचा. मी पाहुण्यांची बिलं भागवली, त्यांचं परतीचं आरक्षण केलं, तुमच्या येण्याने आम्हाला आनंद झाला असं पत्र लिहिलं. निघताना दोघंही भाऊंच्या पाया पडले. भाऊंनी त्यांना एकेक पोतडी तांदूळ दिला. गेटवर भाऊ म्हणाले, “या बरं का पुन्यांदा.” पोरांनी मान खाली घातली. त्यांना कळत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात साप्ताहिक सुट्टीनंतर लोक कामावर आले तेव्हा गेटवर नोटीस होती. लोणावळ्याजवळचं उत्पादन थांबवून ते नव्या कारखान्यात नेण्यात येत आहे, असा मजकूर होता. मराठीत होता, पहिल्यांदाच. लोक तास न् तास गेटसमोर उभे राहिले. कुणी घोषणा दिल्या, कुणी रस्त्यावर बसलं. पोलीस आले. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. ते आधीच गेले होते.

हिशेब, वकील, बैठका हे सगळं पुढे बरेच महिने चाललं आणि त्यातून जे मिळायचं ते थोडंफार मिळालं. माझी नोकरी शेवटच्या टप्प्यापर्यंत होती, कारण कागद पोचवायचे होते. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी नेले असते. मुलीची परीक्षा तोंडावर होती, तिची फी भरायची होती. फेब्रुवारीअखेर मी ड्रॉइंगच्या पेट्या घेऊन रेल्वेने गेले.

स्टेशनवर साहेब स्वतः आले होते. त्यांनी हमालाकडून पेट्या उतरवून घेतल्या, मला चहा पाजला. नवा कारखाना स्वच्छ होता, रंगाचा वास येत होता. एका भिंतीशी नवं कपाट होतं, कप्प्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. चाचणीचं आमचं टेबल शेडमध्ये येऊन बसलं होतं. मी एकेक ड्रॉइंग मोजून त्यांच्या ताब्यात दिलं आणि सही घेतली.

सही करताना ते म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. पण सांगितलं असतं तर मला इथे घेतलं नसतं. मुलगा इंजिनीअरिंगला आहे.”

“भाऊंचीही मुलं आहेत, सर.”

“माहीत आहे.” ते खिडकीकडे बघत राहिले. “इथे घ्यायच्या लोकांच्या यादीत मी तुमचं नाव घातलं होतं. हेड ऑफिसने काढलं. म्हणाले, इथे इंग्रजी सगळ्यांनाच येतं.”

मला त्यांची चीड यायला हवी होती. आली नाही. एवढंच वाटलं की या माणसाला मी जे शिकवलं त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं आणि त्याचा उपयोग मात्र हा झाला. त्यांनी मला परतीच्या गाडीत बसवून दिलं. पुणं मागे टाकून गाडी लोणावळ्यात शिरली तेव्हा उतरायची इच्छा नव्हती. उतरून जाणार कुठे होते? घरी. आणि उद्या सकाळी?

वर्ष-दीड वर्ष मी काही केलं नाही. मग एका हॉटेलात पाहुण्यांच्या आरक्षणाचे मेल लिहायचं काम मिळालं. तुम्ही कधी येणार, किती जण येणार, कुत्रा आणणार का. हात आपोआप चालायचे, मनात काही उठायचं नाही. संध्याकाळी घरी आले की मुलगी विचारायची, “आई, आज काय झालं?” मी म्हणायची, “काही नाही,” आणि ते अक्षरशः खरं असायचं.

भाऊ मला कुरवंड्याच्या रस्त्यावर भेटले. एका बंगल्याच्या गेटवर खुर्ची टाकून बसले होते, अंगात वॉचमनचा निळा शर्ट. शनिवार-रविवार मालक यायचे, बाकी दिवस बंगला बंद. थोरला मुलगा पुण्याकडे कुठेतरी ठेकेदाराकडे लागला होता, धाकटा घरी होता. मी ओळख दिली. त्यांनी उठून खुर्ची दिली, पण मी बसले नाही.

“हात कसे आहेत, भाऊ?” मी विचारलं. त्यांच्या बोटांना त्या पेस्टने कायमचा काळसरपणा आलेला असायचा. आता बोटं स्वच्छ होती.

“हाताला काय धाड भरलीय. काम न्हाई त्येंना.”

आतल्या बागेत नळी चालू होती, पाणी लॉनवर पडत होतं.

मग भाऊ म्हणाले, “तुमास्नी ठाव व्हतं, बाई.”

“मी सांगितलं होतं, भाऊ. शेडच्या मागे. तुम्ही भाकरी खात होता.”

“व्हय. सांगितलं.” त्यांनी गेटची कडी उगाच वर-खाली केली. “पर जोर लावून सांगाया पायजे व्हतं. म्या त्या पोरांचं हात धरून शिकीवलं. तुमी माजा हात धरून थांबवायचा व्हता.”

कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मला काय विचारलं गेलं आणि मी काय उत्तर दिलं, हे त्यांनी ऐकलंच होतं. तेव्हा ते पुढच्या बाकावर होते. मी आणखी कसा जोर लावायचा होता, कोणते शब्द वापरायचे होते, मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आज इतक्या वर्षांनीही नाही. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही, आणि बरोबरही वाटलं नाही.

“निघते, भाऊ,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि खुर्ची पुन्हा सावलीत सरकवून बसले. मी उतारावरून खाली चालू लागले. त्यानंतर त्या रस्त्याने मी फारशी गेले नाही.